नव्या बाटलीच्या ई-मेलमध्ये काय लिहायचं?

यवतमाळचा एखादा उद्योजक स्टीलचे डबे विकता विकता पाण्याची बाटली बाजारात आणतो आणि जुन्या ग्राहकांना ई-मेल पाठवायला बसतो. ओळखीचीच माणसं, थोडं वाढवून लिहिलं तर काय बिघडतं, असं त्याला वाटतं. पण ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार असा ई-मेलही जाहिरातच ठरू शकतो, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर कारवाई होते.

सर्वांत घातक दावा म्हणजे ‘तांब्याची बाटली पाणी शुद्ध करते’. रात्रभर तांब्यात ठेवलेल्या पाण्यातले बरेच जिवाणू मरतात, हे खरं. पण पांढरकवड्याच्या भागात अनेक ठिकाणी विहिरी-बोअरच्या पाण्याचं दुखणं फ्लोराइड हे आहे. ते पाण्यात विरघळलेलं असतं. तांबं, स्टील किंवा काच त्याला हात लावत नाही. पाणी उकळलं तर वाफ निघून जाते, फ्लोराइड मागे राहतं आणि त्याचं प्रमाण उलट वाढतं. भारतीय मानकात लिटरमागे 1 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5. त्याहून जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षं पोटात गेलं की वाढत्या वयात दातांवर डाग पडतात, पुढे सांधे आखडू शकतात. ‘शुद्ध करते’ वाचून कुणी फिल्टर बंद केला, तर नुकसान त्याच्या मुलांचं होईल. म्हणून ई-मेलमध्ये सरळ लिहावं: ‘ही बाटली पाणी गाळत नाही. शुद्ध केलेलं पाणीच भरा.’

दुसरा गैरसमज ‘24 तास थंड’ या आकड्याचा. खोलीचं तापमान किती होतं, पाणी किती थंड भरलं, झाकण किती वेळा उघडलं, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. मे महिन्यात इथे पारा 44 अंशांच्या आसपास जातो. तेव्हा सकाळी 7 ला फ्रिजचं पाणी काठोकाठ भरावं, बाटली शेतावर न्यावी, दिवसभर त्यातलंच प्यावं आणि संध्याकाळी 7 ला थर्मामीटर बुडवून बघावा. जो आकडा येईल, तोच या अटींसकट छापावा. दोन भिंतींमधली निर्वात पोकळी गेली आहे का, हे ग्राहकालाही घरी कळतं. उकळतं पाणी भरून पाच मिनिटांनी बाहेरून हात लावायचा. बाटलीचं अंग तापलं, तर ती पोकळी गेली आहे. अशी बाटली बदलून देऊ, हेही लिहावं.

‘पर्यावरणपूरक’ हा शब्द नुसता टाकून भागत नाही. ऑक्टोबर 2024 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार त्याला आधार द्यावा लागतो. पातळ प्लॅस्टिकच्या एका बाटलीपेक्षा स्टीलच्या बाटलीला कच्चा माल आणि ऊर्जा कितीतरी जास्त लागते, त्यामुळे फायदा ती वर्षानुवर्षं वापरली तरच होतो. बहुतेकदा आधी खराब होतं ते झाकणातलं रबर. वास धरतं, सैल पडतं, पाणी गळतं आणि चांगली बाटली माळ्यावर जाते. ते रबर सुटं मिळेल का, कितीला आणि कुठे, ही ओळ ई-मेलमध्ये किमतीच्या शेजारीच हवी.