सिंक इंजिनचं मी करू काय, मॅडम?

"मॅडम, सिंक इंजिन २.० आलंय असं तुम्ही लिहिलंय. पण त्याचं मी करू काय?" फोनवर एक किराणा दुकानदार होते. आमचं बिलिंगचं ॲप ते रोज वापरतात. नव्या आवृत्तीत काय बदललं हे सांगणारी टीप, म्हणजे रिलीज नोट्स, मी आदल्या दिवशी पाठवली होती आणि त्यांनी ती वाचली होती. अशा टिपा फार थोडे लोक वाचतात. वाचणाऱ्यालाही त्यातून काही कळलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

चूक कुठे झाली ते शोधायला लांब जावं लागलं नाही. कंपनीतल्या रोडमॅपच्या स्लाइड्स समोर ठेवून मी त्यातल्या ओळी जशाच्या तशा उतरवल्या होत्या. रोडमॅप म्हणजे येत्या काही महिन्यांत काय बनवायचं याचा आराखडा. आमच्या स्लाइडवर चार आडवे पट्टे होते: सर्व्हर, मोबाइल, छपाई आणि बाहेरच्या सेवांची जोडणी. प्रत्येक पट्टा एका टीमचा. ही मांडणी चुकीची नाही. कोणाकडे काय काम आहे आणि कुठे अडलंय, हे वरिष्ठांना एका नजरेत दिसावं म्हणूनच ती केलेली असते. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये लिहून ठेवलं होतं की एखादी संस्था जी रचना उभी करते तिच्यात त्या संस्थेतल्या माणसांच्या आपसातल्या बोलण्याचाच नकाशा उमटतो. ते प्रणालींच्या रचनेबद्दल बोलत होते, पण माझ्या टिपेतही तेच झालं होतं. दुकानदाराला आमच्या ऑफिसात कोण कुठे बसतं ते कळलं, त्याच्या दुकानात काय बदललं ते कळलं नाही.

पुढच्या आवृत्तीच्या वेळी मी स्लाइडवरचं एकेक काम एकेका चिठ्ठीवर लिहिलं आणि टीमचं नाव मुद्दाम गाळलं. चौदा चिठ्ठ्या झाल्या.

पहिली चाळण एकाच प्रश्नाची: हे आज ग्राहकाच्या फोनवर खरंच आहे का? रोडमॅप हा इरादा असतो. स्लाइडवरचा हिरवा रंग म्हणजे 'काम वेळेत चाललंय', 'ग्राहकाला मिळालं' नव्हे. शिवाय तयार झालेली सोयसुद्धा अनेकदा आतून बंद ठेवतात, किंवा आधी थोड्याच ग्राहकांसाठी चालू करतात. म्हणून स्लाइडवर विसंबून न राहता दुकानदाराकडे असतो तसा साधा फोन घ्यायचा, नवी आवृत्ती टाकायची आणि प्रत्येक गोष्ट स्वतः करून बघायची. तीन चिठ्ठ्या इथेच गळाल्या. आणखी तीन चिठ्ठ्यांवर निव्वळ आतली डागडुजी होती आणि दुकानदाराला तिचा काही फरक जाणवणार नव्हता. त्याही बाजूला ठेवल्या. उरल्या आठ.

मग प्रत्येक चिठ्ठी बनवणाऱ्याकडे नेली आणि विचारलं, "सोमवारी सकाळी दुकान उघडल्यावर दुकानदार कोणती गोष्ट वेगळी करेल?" चिठ्ठीवर 'सिंक इंजिन २.०' होतं. बनवणारा आधी सर्व्हरबद्दल बोलायला लागला. त्याला दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा म्हणाला, "नेट गेलं तरी बिल होईल. नेट आलं की आपोआप वर जाईल. दोन फोनवर बिलं केली असतील तरी नंबर एकमेकांवर चढणार नाहीत." टिपेतली ओळ मिळाली ती इथे. स्लाइडमध्ये ती कुठेच नव्हती.

चिठ्ठ्यांच्या मागे अशी उत्तरं लिहिली आणि त्या टेबलावर मांडल्या, तेव्हा त्यांची जुळणी जवळपास आपोआप झाली. मोबाइल टीमची 'ऑफलाइन रांग' आणि छपाई टीमचं 'थेट ब्ल्यूटूथ प्रिंट' ही कामं सिंक इंजिनशेजारी येऊन बसली. तीन टीमची तीन कामं, पण दुकानदाराच्या दृष्टीने गोष्ट एकच. जुन्या पद्धतीने ती तीन ठिकाणी विखुरली असती आणि तिन्ही वाचून मनात जोडणारा दुकानदार मला तरी अजून भेटलेला नाही. आता ती अशी लिहिली:

"नेट गेलं तरी बिल थांबणार नाही. बिल करा, छापा, गिऱ्हाइकाला द्या. नेट आलं की हिशेब आपोआप जुळेल. मात्र यूपीआयचे पैसे जमा झाल्याची खूण नेट आल्यावरच दिसेल."

शेवटचं वाक्य गाळायचा मोह होतो, कारण त्याने फायदा थोडा लहान दिसतो. पण ते गाळलं, तर दुकानदार खूण दिसेल म्हणून गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवेल आणि नव्या सोयीवरचा त्याचा विश्वास पहिल्याच दिवशी उडेल. फायद्याची मर्यादा त्या फायद्यालाच चिकटून यायला हवी, खाली बारीक अक्षरात नको.

आणखी चार चिठ्ठ्यांतून दोन गट झाले. एक उधारी वसुलीचा आणि दुसरा बिलात कोणी काय बदललं ते मालकाला दिसण्याचा. या दुसऱ्या गटाला मी आधी 'उत्तम नियंत्रण' असं नाव दिलं होतं. शीर्षक पारखायची माझी साधी रीत आहे: ते दुसऱ्या गटावर चिकटवून पाहायचं. तिथेही शोभलं, तर त्यात काही सांगितलेलंच नाही. 'उत्तम नियंत्रण' उधारीवरही शोभत होतं. 'नोकराने बिल बदललं तर तुम्हाला कळेल' हे दुसरीकडे कुठेच बसेना, म्हणून तेच ठेवलं.

आठवी चिठ्ठी कुठेच बसेना. जुना मासिक अहवाल बंद होत होता. यात ग्राहकाचा फायदा नाही, आणि फायद्यानुसार लिहिणाऱ्याच्या हातून नेमक्या अशाच गोष्टी सुटतात किंवा 'सुटसुटीत अहवाल' असं गोंडस नाव घेऊन येतात. मी ती सगळ्यात वर ठेवली: "जुना मासिक अहवाल या महिन्याच्या शेवटी बंद होईल. त्याआधी लागणारे अहवाल उतरवून घ्या." ज्याने दुकानदाराला काही करावं लागणार आहे, ते आधी सांगायचं.

प्ले स्टोअरवर नव्या आवृत्तीच्या माहितीला जेमतेम ५०० अक्षरांची जागा मिळते. तिथे अहवालाची सूचना आणि नेटचा मुद्दा एवढंच दिलं, बाकीचं ॲपमधल्या पानावर. ऑफिसात मात्र एक तक्ता ठेवला, ज्यात टिपेतल्या प्रत्येक वाक्यासमोर मूळ काम आणि ते करणारी टीम लिहिली होती. तक्रार आली की कोणाकडे जायचं ते त्यावरून कळतं.

ही रीत सगळीकडे चालत नाही. आमच्या ॲपला स्वतःचं सॉफ्टवेअर जोडणाऱ्या प्रोग्रामरांना फायदे नको असतात. काय नवं, काय बदललं, काय काढलं, काय दुरुस्त केलं, हे त्यांना आवृत्तीच्या क्रमांकासह हवं असतं. त्यांच्यासाठी वेगळी यादी लिहावी लागते.

टीप पाठवण्याआधी ती मदतकक्षातल्या एका सहकाऱ्याला दिली, कारण दुकानदारांचे फोन दिवसभर तीच घेते. तिने वाचली, कागद पालथा ठेवला आणि म्हणाली, "नेट गेलं तरी बिल होणार, जुना अहवाल जाणार, नोकराने बिल बदललं तर कळणार." उधारीचं तिला आठवलं नाही. ती ओळ मी पुन्हा लिहिली.

तुमच्या फोनवरच्या एखाद्या ॲपची अशी टीप वाचून काहीच कळलं नाही, तर कंपनीला फोन करून सरळ विचारा. माझ्या टिपा त्या एका फोननंतर बदलल्या.