फोनवर मिटलेला वाद कागदावर कसा मिटवावा

समजा, एका सुताराने ऑफिसच्या फर्निचरचे जीएसटीसह १,१८,००० रुपयांचे बिल दिले. कपाटांचे काम सदोष आहे म्हणून ग्राहकाने पैसे अडवले. शेवटी फोनवर ९४,४०० रुपयांवर तोडगा निघाला. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ६३ नुसार येणेकरी कमी रक्कम स्वीकारून बाकीची सोडू शकतो. पण लेखी काही नसेल, तर ही रक्कम हप्ता म्हणून घेतली की हिशेब संपवून, यावर पुन्हा वाद होतो.

म्हणून त्याच दिवशी ईमेल करावा. त्यात बिलाचा क्रमांक, तारीख, वादाचे कारण आणि जीएसटीसह ठरलेली रक्कम लिहून पुढे म्हणावे:

“९४,४०० रुपये १५ तारखेपर्यंत माझ्या खात्यात जमा झाल्यावर या बिलाचा पूर्ण व अंतिम निपटारा होईल. त्यानंतर या बिलाबाबत आणि या कामातील आजवर कळवलेल्या दोषांबाबत दोघांचाही एकमेकांवर दावा राहणार नाही. रक्कम मुदतीत न आल्यास ही सूट रद्द होईल. मान्य असल्यास कळवावे.”

यातला ‘जमा झाल्यावर’ हा शब्दप्रयोग सुताराला जपतो. तो नसेल तर पैसे येण्याआधीच हक्क सुटल्याचा दावा होऊ शकतो. ‘दोघांचाही’ ग्राहकाला आणि सुताराला सारखेच बांधते. ‘सर्व व्यवहार’ असे मोघम लिहिले, तर दुसऱ्या बिलांचे येणेही बुडू शकते.

समोरच्याचे ‘मान्य’ असे उत्तर जपून ठेवावे. सुताराने उरलेल्या २३,६०० रुपयांची क्रेडिट नोट काढावी, म्हणजे दोघांच्या वह्या जुळतील.