विक्री दिसते, खरेदी दिसत नाही

क्रिप्टोच्या नफ्याबद्दल प्राप्तिकर खात्याची नोटीस आली की बहुतेकांना धक्का बसतो तो आकड्याचा. एक्स्चेंजवर विक्री झाली की १ टक्का टीडीएस कापला जातो आणि विक्रीची पूर्ण रक्कम करदात्याच्या एआयएसमध्ये, म्हणजे वार्षिक माहिती पत्रकात, येते. ते नाणे कितीला घेतले होते, हे तिथे नसते. ते सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्याची.

समजा, नाशिकच्या एका तरुणाने नोव्हेंबर २०२२ मध्ये एका एक्स्चेंजवर ७ लाखांना अर्धा बिटकॉइन घेतला, स्वतःच्या वॉलेटमध्ये हलवला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दुसऱ्या एक्स्चेंजवर ९,४९,०५० रुपयांना विकला. विवरणपत्रात मात्र काहीच दाखवले नाही. दुसऱ्या एक्स्चेंजच्या स्टेटमेंटमध्ये नाणे 'जमा' झालेले दिसते, खरेदी कुठेच नाही. तेवढेच स्टेटमेंट जोडले आणि खरेदी किंमत शून्य धरली गेली, तर ३० टक्के कर व ४ टक्के सेस मिळून सुमारे २ लाख ९६ हजार होतात.

म्हणून उत्तरात साखळी जोडावी लागते. पहिल्या एक्स्चेंजचे खरेदीचे स्टेटमेंट, त्या दिवशी बँकेतून गेलेले पैसे, मग नाणे बाहेर काढल्याची नोंद आणि तिचा व्यवहार क्रमांक (टीएक्सआयडी). हा क्रमांक ब्लॉकचेनवर कुणालाही तपासता येतो. पण वॉलेट कुणाचे, हे ब्लॉकचेन सांगत नाही. त्यासाठी त्या पत्त्याच्या खासगी किल्लीने एखादा संदेश सही करून देता येतो. सीड फ्रेज मात्र कुणालाही, अधिकाऱ्यालाही, द्यायची नसते.

इथे एक बारीक गोम आहे. बाहेर काढले ०.५ आणि दुसरीकडे पोहोचले ०.४९९५, कारण ०.०००५ नेटवर्क फीमध्ये गेले. हा फरक एका ओळीत समजावला नाही, तर नोंदी जुळत नाहीत असा शेरा येऊ शकतो. वेळेचेही तसेच. अनेक स्टेटमेंट यूटीसी वेळेत असतात. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे. ३१ मार्चच्या रात्रीचा व्यवहार त्यामुळे पुढच्या आर्थिक वर्षात जाऊ शकतो.

साखळी जुळली की विकलेल्या ०.४९९५ नाण्यांची खरेदी किंमत ६,९९,३०० आणि नफा २,४९,७५० ठरतो. त्यावर कर व सेस ७७,९२२ रुपये; त्यातून कापलेला सुमारे ९,४९० रुपयांचा टीडीएस वजा होतो. उशिराचे व्याज आणि दंडाचा प्रश्न वेगळा. नफा दाखवला नव्हता हे उत्तरात सरळ मान्य करावे आणि हाच हिशेब तक्त्यात मांडावा. स्टेटमेंटची शेकडो पाने तक्त्याविना अपलोड केली, तर अधिकाऱ्याला त्यातून खरेदी शोधून काढणे अवघड जाते.

त्याच वर्षी या तरुणाला दुसऱ्या नाण्यात दोन लाखांचा तोटा झाला असता, तरी कराचा आकडा हाच राहिला असता. कलम ११५ बीबीएच एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करू देत नाही, पुढच्या वर्षीही नेऊ देत नाही. नियम कठोर आहे, आणि माझ्या मते अन्यायकारकही. पण नोटिशीच्या उत्तरात त्यावर वाद घालून कर कमी होत नाही.