अठरा या आकड्याची गोष्ट

रात्रीचे तीन वाजून चाळीस मिनिटे झाली होती. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या गृहस्थांचे मनगट हातात धरून मी घड्याळाकडे पाहत उभी होते. पाहणाऱ्याला वाटले असते, सिस्टर नाडी मोजते आहे. मी त्यांचे श्वास मोजत होते. आपले श्वास कोणी मोजते आहे हे कळले की माणसाच्या श्वासाची लय बदलते, म्हणून ते असे चोरून मोजायचे असतात. पूर्ण एक मिनिटात सव्वीस भरले. दोन वाजताच्या नोंदीत हाच आकडा अठरा होता.

त्या दोन आकड्यांमध्ये काय घडले, हे मला नंतर एका विशिष्ट पद्धतीने लिहून काढावे लागले. ही पद्धत म्हणजे काय, आणि मनाशी केलेल्या खंतीपेक्षा ती वेगळी कशी, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

मी महाराष्ट्रात शिकले आणि गेली काही वर्षे इंग्लंडमधल्या एका रुग्णालयाच्या सर्जिकल वॉर्डात काम करते. इथे नर्सला आपली नोंदणी दर तीन वर्षांनी नव्याने पक्की करावी लागते. त्यासाठी कामाचे तास आणि प्रशिक्षण यांच्या जोडीला स्वतःच्या कामावरची पाच चिंतन-टिपणे लिहायची आणि त्यांवर दुसऱ्या नोंदणीकृत सहकाऱ्याशी बसून बोलायचे, असा नियम 2016पासून आहे. चिंतनासाठी कोणते प्रारूप वापरावे याची सक्ती नाही. पण अनेक नर्सेस विद्यार्थिदशेत शिकलेले ‘गिब्ज यांचे चक्र’ वापरतात. ग्रॅहम गिब्ज नर्सिंगचे नव्हेत, शिक्षणशास्त्राचे. ऑक्सफर्ड पॉलिटेक्निकमध्ये असताना 1988 साली अध्यापकांसाठी लिहिलेल्या ‘लर्निंग बाय डूइंग’ या पुस्तकात त्यांनी ते मांडले. आज ते सहा पायऱ्यांचे म्हणून शिकवतात : वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि कृती-आराखडा. पायऱ्या साध्या आहेत. अवघड आहे ते एकही न गाळता त्याच क्रमाने चढणे.

माझे पहिले टिपण चार ओळींचे झाले होते. ‘रुग्णाची प्रकृती बिघडल्याचे माझ्या लक्षात उशिरा आले. मला फार वाईट वाटले. यापुढे मी अधिक दक्ष राहीन.’ हे वाचून माझ्या वरिष्ठ सहकारी म्हणाल्या, “यात तू दोन पायऱ्या चढलीस आणि थेट गच्चीवर उडी मारलीस. पुन्हा लिही.”

पुन्हा लिहिताना पहिली पायरी वर्णनाची. इथे फक्त काय घडले ते सांगायचे. का घडले, कोण चुकले, हे नाही. मी आठवणीतून लिहिले आणि मग संगणकावरच्या नोंदींशी ताडून पाहिले. अठ्ठावीस खाटांच्या वॉर्डात त्या रात्री आम्ही तीन नर्स आणि दोन मदतनीस होतो. हे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले. मोठ्या आतड्याचा भाग काढून उरलेली टोके जोडण्याची शस्त्रक्रिया होऊन चौथा दिवस. रात्री दहा वाजता नाडी 94, वरचा रक्तदाब 118, ताप 37.8 अंश सेल्सिअस. दोन वाजता नाडी 104, रक्तदाब 108, ताप 38.2, रक्तातला प्राणवायू 95 टक्के. श्वास दोन्ही वेळा अठरा. पुढचा दीड तास मी एका भ्रमिष्ट रुग्णाजवळ होते, कारण तो पुनःपुन्हा खाटेवरून उतरत होता.

माझ्या आठवणीप्रमाणे, साडेतीनच्या सुमारास मी कोपऱ्यातल्या खाटेजवळून जाताना हे गृहस्थ म्हणाले, “मागचं दार लावलं का? कुत्रा बाहेर जाईल.” मी म्हणाले, “हो, लावलं. झोपा आता.” मग मला शंका आली आणि मी श्वास मोजले. नोंद मात्र वेगळेच सांगत होती. दोन वाजून वीस मिनिटांनी माझ्याच नावाने वाक्य होते : ‘रुग्ण शांत, झोपेत बडबड.’ म्हणजे दाराचा प्रश्न साडेतीनचा नव्हता, सव्वादोनच्या पुढचा होता. माझ्या आठवणीने तो एक तासाने पुढे सरकवून मला बरीच सोयीची गोष्ट रचली होती. वर्णनाची पायरी वेगळी ठेवण्याचे कारण मला तिथे कळले.

दुसरी पायरी भावनांची. भीती, शरम, नोंदणी जाईल ही धास्ती, हे लिहिणे सोपे गेले. मग आणखी एक भावना कागदावर आली, जी मी मोठ्याने कधीच बोलले नसते : वैताग. त्यांनी मध्यरात्रीपासून तीनदा घंटी वाजवली होती, एकदा पाण्यासाठी आणि दोनदा उशी सारखी करण्यासाठी. ‘झोपा आता’ या शब्दांत तो वैताग होता. या पायरीवर भावनेचे समर्थन करायचे नाही आणि तिची शिक्षाही घ्यायची नाही. ती लिहून पुढे जायचे. पण लिहिली नसती, तर पुढच्या विश्लेषणात तिला जागाच मिळाली नसती.

तिसऱ्या पायरीवर काय बरे झाले आणि काय वाईट, हे दोन्ही मांडायचे. अपराधी मनाला बरे काही दिसत नाही, म्हणून ही सक्ती. सव्वीस मोजल्यावर मी थांबले नाही. लगेच तातडीचा क्रमांक फिरवला आणि परिस्थिती, पार्श्वभूमी, माझा अंदाज व मला काय हवे ते ठरलेल्या क्रमाने सांगितले. पथक आले, प्राणवायू आणि सलाइन सुरू झाले, रक्ताचे नमुने गेले, प्रतिजैविकाचा पहिला डोस मिळाला. सकाळी पुन्हा शस्त्रक्रिया झाली. आतड्याचा जोड गळत होता. ते काही दिवस अतिदक्षता विभागात राहिले आणि वाचले. वाईट हे की यातले सारे काही सव्वादोनला सुरू होऊ शकले असते. त्या उशिराने त्यांचे नेमके किती नुकसान झाले, हे मला सांगता येणार नाही.

चौथी पायरी विश्लेषणाची, आणि चक्राचा सारा भार तिच्यावर आहे. इथे ‘का’ विचारायचे, तेही आपल्या शास्त्राच्या आधारे. आमच्याकडे ‘न्यूज-२’ नावाची गुणपद्धती आहे. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2017मध्ये सुधारलेली. श्वास, प्राणवायू, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप यांना, ते नेहमीच्या मर्यादेपासून जितके दूर तितके, शून्य ते तीन गुण द्यायचे. बाहेरून प्राणवायू चालू असेल तर आणखी दोन. बेरीज पाच झाली तर डॉक्टरांना तातडीने बोलवायचे, सात झाली तर आणीबाणीचे पथक.

दोन वाजता प्राणवायू, रक्तदाब, नाडी आणि ताप यांना प्रत्येकी एक गुण मिळाला होता. अठरा श्वासांना शून्य. बेरीज चार. संगणकाच्या पडद्यावर ती निर्धोक वाटली. पण श्वास खरोखर बावीस असते तर बेरीज सहा झाली असती, आणि पंचवीस असते तर सात. मग अठरा आले कुठून? नाडी, रक्तदाब, ताप, प्राणवायू हे सारे यंत्र मोजते. श्वासासाठी मात्र माणसाने एक मिनिट उभे राहावे लागते, आणि घाईच्या रात्री नेमके तेच मिनिट गळते. सकाळी मी मदतनीस मुलीला विचारले, तेव्हा ती न लपवता म्हणाली, “मी अठराच लिहिते. सगळेच लिहितात.”

इथवर लिहून मला हलके वाटले. चूक सापडली होती आणि ती दुसऱ्याची होती. मग वहीवर मी तीच बेरीज पुन्हा मांडली, या वेळी अठरा हा आकडा खरा धरून. न्यूज-२मध्ये ‘नव्याने आलेला गोंधळ’ याला स्वतंत्र तीन गुण आहेत. संध्याकाळी माझ्याशी नीट बोललेला माणूस रात्री रुग्णालयाच्या खाटेवरून घराच्या मागच्या दाराबद्दल विचारतो, हा नव्याने आलेला गोंधळ असू शकतो. चार आणि तीन, सात. श्वासाचा आकडा खोटा असतानाही मला पथक बोलावण्याइतके गुण पुरेसे होते. ते तीन गुण मी ‘झोपेत बडबड’ म्हणून खोडले होते, आणि त्यामागे तो वैताग होता.

आणखी एक गोष्ट आठवली. महाराष्ट्रात शिकताना टीपीआर चार्टवर मीही पहाटे ओळीने अठरा, अठरा, अठरा लिहीत असे. श्वास का मोजायचा हे पुस्तकात होते. वॉर्डात मात्र तो मोजताना मी फारसे कोणाला पाहिले नव्हते. त्या मुलीनेही पाहिले नसावे.

पाचवी पायरी निष्कर्षाची : मी वेगळे काय करू शकले असते? ते नेमके हवे. दहा आणि दोनच्या नोंदी शेजारी ठेवल्या असत्या तर प्रत्येक आकडा वाईट दिशेने सरकलेला दिसला असता. केवळ श्वास जागचा हलला नव्हता, आणि तेच संशयास्पद होते. दाराच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणण्याऐवजी ‘आपण आत्ता कुठे आहात?’ एवढे विचारता आले असते.

सहाव्या पायरीवर ‘दक्ष राहीन’ चालत नाही, कारण मी दक्ष राहिले की नाही हे कोणाला तपासता येत नाही. मी तीन गोष्टी लिहिल्या. बेरीज तीन किंवा अधिक असेल त्या प्रत्येक रुग्णाचे श्वास मी स्वतः पूर्ण मिनिटभर मोजेन. कोणी विसंगत बोलले तर जागा आणि साल विचारून उत्तर नोंदवेन. आणि त्या मदतनीस मुलीबरोबर पुढच्या तीन नाइट एकत्र श्वास मोजेन, तिला दोष न देता.

या चक्राची एक मर्यादा सांगायला हवी. ते लिहिणाऱ्याभोवतीच फिरते. त्या रात्री एक नर्स आणखी असती तर मी दीड तास दूर राहिले नसते. पण हे माझ्या कृती-आराखड्यात मावत नाही. त्यासाठी मी घटनेचा वेगळा अहवाल दिला. केवळ टिपणावर थांबले असते, तर मनुष्यबळाचा प्रश्न माझ्या स्वभावाचा प्रश्न होऊन बसला असता.

महिन्याभराने वॉर्डातल्या जुन्या-नव्या नोंदी मी शेजारी ठेवून पाहिल्या. पाव मिनिट मोजून चारने गुणले, किंवा अर्धा मिनिट मोजून दुप्पट केले, तर आकडा नेहमी सम येतो. आणि न मोजता लिहिणाराही सवयीने सोळा नाहीतर अठरा लिहितो. विषम आकडा बहुधा पूर्ण मिनिट उभे राहिल्यावरच येतो. जुन्या पानांवर अठरांची रांग होती. नव्या पानांवर, त्या मुलीच्या नावापुढे, पंधरा होते, एकोणीस होते, एके ठिकाणी तेवीसही होते. आणि त्या तेवीसच्या खाली तिने डॉक्टरांना कळवल्याची माझी नोंद होती.