प्रकल्पाचा परिच्छेद : पीएलसी प्रोग्रामरच्या पहिल्या नोकरीचा अर्ज

तंत्रनिकेतनातून नुकताच बाहेर पडलेला पदविकाधारक पीएलसी प्रोग्रामरच्या जागेसाठी अर्ज करतो, तेव्हा त्याच्याकडे सांगण्यासारखा अनुभव नसतो. दहावीनंतरची तीन वर्षे, गुणपत्रके आणि शेवटच्या वर्षी केलेला प्रकल्प एवढेच त्याचे भांडवल. त्यातही गुण इतर अर्जदारांकडेही असतात. त्यामुळे अर्जाच्या पत्राचा खरा भार पडतो तो प्रकल्पावर लिहिलेल्या एका परिच्छेदावर.

पीएलसी हा कारखान्यातील यंत्रे चालवणारा छोटा, दणकट संगणक. बटणे आणि सेन्सर यांच्याकडून येणारे संकेत तो वाचतो, प्रोग्राम तपासतो आणि मोटार, व्हॉल्व्ह, दिवे यांना आदेश देतो. हे चक्र तो काही मिलिसेकंदांत पुरे करतो आणि अखंड चालू ठेवतो. पूर्वी हेच काम रिलेंनी भरलेली मोठी पॅनेले करीत. पीएलसीसाठी सर्रास वापरली जाणारी ‘लॅडर’ ही भाषा आजही रिलेच्या जोडणीच्या आकृतीसारखी दिसते, ती त्यामुळेच. पुण्याजवळच्या चाकण किंवा भोसरीसारख्या औद्योगिक भागात अशा नवख्या प्रोग्रामरला घेणारी कंपनी अनेकदा स्वतः माल बनवत नाही. ती इतर कारखान्यांसाठी पॅनेले आणि स्वयंचलित यंत्रणा उभारून देते. अर्ज वाचणारा माणूस बहुधा तिथला ज्येष्ठ अभियंता असतो आणि नव्या मुलाला साइटवर पाठवता येईल का, एवढेच त्याला ठरवायचे असते.

पत्राची सुरुवात सोपी आहे. विषयाच्या ओळीत पदाचे नाव, पहिल्या दोन वाक्यांत पदविकेची शाखा, उत्तीर्ण झाल्याचे वर्ष आणि जाहिरात कुठे पाहिली ते. इथे ‘मेहनती’, ‘जिद्दी’ ही विशेषणे लिहून काही साधत नाही, कारण ती पडताळून पाहता येत नाहीत. त्यानंतर प्रकल्प येतो. बहुतेक पत्रांत तो एका ओळीत संपतो : ‘पीएलसी वापरून कन्व्हेयरवरील वस्तूंची वर्गवारी करणारी यंत्रणा तयार केली.’ हा प्रकल्प अनेक महाविद्यालयांत होतो आणि तयार संचाच्या रूपात विकतही मिळतो. म्हणून या ओळीवरून अर्जदाराने स्वतः काय केले ते कळत नाही.

ते कळण्यासाठी प्रकल्पाच्या पोटात शिरावे लागते. समजा, पट्ट्यावरून धातूचे आणि प्लॅस्टिकचे तुकडे येतात आणि धातूचे तुकडे बाजूला काढायचे आहेत. पट्टा सेकंदाला २० सेंटिमीटर सरकतो. धातू ओळखणारा सेन्सर आणि तुकडा ढकलणारा हवेवरचा सिलिंडर यांच्यात ६० सेंटिमीटर अंतर आहे. म्हणजे सेन्सरने पाहिलेला तुकडा ३ सेकंदांनी सिलिंडरसमोर येतो. विद्यार्थ्याला सुचणारा पहिला उपाय सरळ असतो : सेन्सरचा संकेत आला की तो धरून ठेवायचा, ३ सेकंदांचा टायमर सुरू करायचा आणि वेळ भरली की सिलिंडर बाहेर काढायचा.

एकेक तुकडा सोडला की हे उत्तम चालते. पण पहिल्यामागून दुसरा धातूचा तुकडा २ सेकंदांनी आला, तर टायमर आधीच चालू असतो. दुसऱ्या संकेताची नोंदच होत नाही. पहिला तुकडा बाजूला जातो, दुसरा सरळ पुढे निघून जातो. दोष आणखी एका प्रसंगी उघडा पडतो. मध्येच पट्टा थांबवला तर टायमर थांबत नाही; तुकडा वाटेतच असताना सिलिंडर रिकामी ढकल मारतो.

दोन्ही दोषांचे मूळ एकच : प्रोग्राम वेळ मोजतो, मोजायला हवे पट्ट्याने कापलेले अंतर. त्यासाठी पट्ट्याच्या रोलरवर दातेरी चकती आणि तिच्यासमोर एक सेन्सर बसवतात. पट्टा १ सेंटिमीटर सरकला की एक स्पंद मिळतो. पीएलसीच्या स्मृतीत ६० घरांची रांग ठेवतात. धातूचा तुकडा दिसला की पहिल्या घरात १ लिहिला जातो आणि प्रत्येक स्पंदाला सगळी रांग एक घर पुढे सरकते. शेवटच्या घरात १ पोचला की सिलिंडर बाहेर येतो. याला शिफ्ट रजिस्टर म्हणतात. पट्ट्यावर एका वेळी कितीही तुकडे असले तरी प्रत्येकाची नोंद त्याच्याबरोबर सरकते. पट्टा थांबला की स्पंद थांबतात आणि रांगही थांबते.

हे सारे पत्रात सात-आठ वाक्यांत मावते. पत्रे सहसा इंग्रजीत जातात, पण मजकूर मराठीत मांडला तर तो असा असेल :

‘आम्हा चौघांच्या गटाने धातू व प्लॅस्टिकचे तुकडे वेगळे करणारा कन्व्हेयर बनवला. त्यासाठी सीमेन्सचा एस७-१२०० पीएलसी, ८ इनपुट आणि ४ आउटपुट वापरले. प्रोग्राम आणि पॅनेलची वायरिंग मी केली. सांगाडा व पट्टा इतरांनी केला. आधी टायमर वापरला होता, पण तुकडे ६० सेंटिमीटरपेक्षा जवळ आले की दुसरा सुटून जात असे. म्हणून रोलरवरील स्पंद मोजून शिफ्ट रजिस्टर वापरले. तुकडा पट्ट्यावर घसरला किंवा हाताने उचलला तर यंत्रणेला ते कळत नाही. त्यासाठी सिलिंडरपाशी दुसरा सेन्सर लागेल.’

या मजकुरातील प्रत्येक वाक्य एकेका प्रश्नाचे उत्तर देते. इनपुट-आउटपुटांच्या संख्येवरून कामाचा आवाका कळतो. स्वतःचा वाटा सांगितल्याने गटाच्या कामाचे श्रेय लाटल्याचा संशय राहत नाही. फसलेला पहिला प्रयत्न हा तर सर्वांत भक्कम पुरावा ठरतो, कारण विकतच्या संचात तो येत नाही. शेवटी सांगितलेल्या मर्यादेवरून मुलगा यंत्राकडे पाहायला शिकला आहे, हे दिसते. प्रकल्प खऱ्या पट्ट्यावर न होता संगणकावरील सिम्युलेशनमध्ये झाला असेल, तर तेही स्पष्ट लिहावे. सिम्युलेशनमध्ये तार सुटत नाही आणि सेन्सर हलत नाही; हा फरक मुलाखतीत लगेच उघड होतो.

लिहिलेले प्रत्येक वाक्य मुलाखतीत तपासले जाते. कागद पुढे सरकवून रांग सरकवणारी लॅडरची पायरी काढायला सांगतात. सिलिंडर पूर्ण बाहेर यायला ०.२ सेकंद लागत असतील तर काय करायचे, असे विचारतात. तेवढ्या वेळात तुकडा ४ सेंटिमीटर पुढे जातो, म्हणून आदेश ४ घरे आधी, म्हणजे ५६व्या घरावर द्यावा लागतो. थांबवण्याच्या बटणाला नेहमी जोडलेला राहणारा संपर्क का वापरतात, हाही ठरलेला प्रश्न आहे. त्याची तार तुटली तर यंत्र आपोआप थांबावे, हे त्याचे उत्तर. आणीबाणीचे बटण मात्र केवळ प्रोग्रामच्या भरवशावर ठेवत नाहीत. मोटार आणि व्हॉल्व्हचा पुरवठा ते वायरिंगमधूनच तोडते. म्हणूनच एससीएडीए, एचएमआय, व्हीएफडी अशी न हाताळलेल्या गोष्टींची यादी पत्रात घालणे अंगाशी येते. यादीतल्या प्रत्येक नावावर प्रश्न येऊ शकतो.

पत्राचा शेवट पुन्हा थोडक्यात होतो : कधीपासून रुजू होता येईल, साइटवरील प्रवासाची तयारी आहे का, आणि सोबत काय जोडले आहे. जोडपत्रांत गुणपत्रकाबरोबर इनपुट-आउटपुटांची यादी आणि टिपांसह छापलेली लॅडर प्रोग्रामची एक-दोन पाने असावीत. सगळे पत्र एका पानात बसते, आणि त्या पानाचा निम्मा भाग प्रकल्पासाठी राखला तरी तो जास्त होत नाही.