वाजवी भावाचा नकाशा

मार्केट प्रोफाइल हा आलेख शिकागो बोर्ड ऑफ ट्रेडवरचे व्यापारी पीटर स्टाइडलमायर यांनी 1980च्या दशकात पुढे आणला. त्यात दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे भाग पाडतात आणि प्रत्येक भागाला एक अक्षर देतात. त्या वेळात ज्या ज्या भावाला सौदे झाले, त्या भावासमोर ते अक्षर लिहायचे. बाजार जिथे जास्त वेळ रमला, तिथली ओळ लांबते.

समजा, एका शेअरचा भाव दिवसभरात 100 ते 106 रुपयांत फिरला. 100 पासून वर मोजता ओळींत अनुक्रमे 1, 3, 5, 6, 3, 1 आणि 1 अक्षरे आहेत, एकूण 20. सर्वांत लांब ओळ 103 ची. हाच पॉइंट ऑफ कंट्रोल. आता 70 टक्के, म्हणजे 14 अक्षरांचा पट्टा शोधायचा. 103 च्या वरच्या दोन ओळींत मिळून 4, खालच्या दोन ओळींत 8 अक्षरे आहेत. जास्त ती बाजू घ्यायची: 6 आणि 8 मिळून 14. म्हणून 101 ते 103 हा व्हॅल्यू एरिया.

दुसऱ्या दिवशी भाव 105 ला उघडून तिथेच टिकला, तर बाजाराने जुनी किंमत नाकारली असे समजतात. तो पट्ट्यात परतून स्थिरावला, तर 101 कडे जाण्याची शक्यता धरतात. हमी मात्र नाही. एकाच दिशेने धावणाऱ्या दिवशी आलेख उंच, सडपातळ होतो, ओळींत एक-दोनच अक्षरे उरतात. अशा दिवशीच्या पॉइंट ऑफ कंट्रोलवर विसंबून उलटा सौदा करू नये.