आराखडा एका पानावर उतरवताना

समजा, दूध संघाच्या 5 वर्षांच्या आराखड्यात ‘दुधाची गुणवत्ता उंचावणे’ असं लिहिलंय. एवढ्यावरून संकलनप्रमुखाला उद्या काय करायचं ते कळत नाही. त्याच्या पानावर उद्दिष्ट असं हवं: नासून परत येणारं दूध 3 वर्षांत निम्म्यावर. उपक्रम: गावच्या केंद्रांवर बल्क कूलर. जबाबदारी एकाच माणसाच्या नावावर असावी. ‘संकलन व अभियांत्रिकी विभाग’ लिहिलं, की थ्री-फेज वीजजोडणीचा अर्ज दोघांच्या मध्ये पडून राहतो. टप्पा मात्र ‘कूलर खरेदी’ हा नकोच. खरेदी मार्चअखेर उरकते आणि यंत्र जोडणीविना उभं राहतं. ‘जूनअखेर 20 केंद्रांवर दूध 4 अंशांवर’ असं लिहावं. तो टप्पा गाठला की नाही, हे केंद्राच्या तापमानाच्या नोंदवहीतच दिसतं.